पाचव्या टप्प्यावरच्या तीन तारका: ट्रेसराउटचा स्क्रीनशॉट काय सिद्ध करतो आणि काय नाही

माझ्या एका सहकारीचे व्हिडिओ कॉल रोज संध्याकाळी अडकत होते. आवाज तुटायचा, चेहरा गोठायचा, दहा-पंधरा सेकंदांनी सगळं पुन्हा सुरळीत. कुणीतरी सांगितलं म्हणून तिने `tracert`, म्हणजे आपली माहिती इंटरनेटवर कोणत्या वाटेने जाते ते दाखवणारं विंडोजमधलं ट्रेसराउट, चालवलं, पडद्याचा स्क्रीनशॉट काढला, पाचव्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढलं आणि इंटरनेट कंपनीला पाठवून दिला. सोबत एकच वाक्य होतं: "तुमचं नेटवर्क इथे तुटतंय, हा पुरावा."

कंपनीचं उत्तर आलं की आमच्या बाजूने काही दोष नाही. तक्रार बंद. तिला वाटलं, हात झटकले. मी नेटवर्कच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे तिने तो स्क्रीनशॉट मला दाखवला. तो असा होता (पत्ते मी बदलले आहेत):

```
1    2 ms    3 ms    2 ms  192.168.1.1
2    9 ms    8 ms   11 ms  198.51.100.1
3   10 ms   10 ms    9 ms  198.51.100.9
4   12 ms   11 ms   12 ms  198.51.100.33
5    *       *       *     Request timed out.
6   24 ms   23 ms   24 ms  192.0.2.17
7   25 ms   24 ms   25 ms  192.0.2.41
8   25 ms   26 ms   24 ms  203.0.113.80
```

तिचा त्रास खरा होता आणि हा स्क्रीनशॉटही खरा होता. पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हे असं का, ते समजायला आधी त्या तारका पडद्यावर येतात कशा ते पाहावं लागेल.

## तारका उमटते कशी?

तुमच्या संगणकातून निघालेली माहिती छोट्या-छोट्या पुडक्यांतून जाते. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेट एका राउटरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असं मजल-दरमजल करत पोहोचतं. यातला प्रत्येक राउटर म्हणजे एक टप्पा, तांत्रिक भाषेत हॉप.

आता अशी कल्पना करा की प्रत्येक पॅकेटच्या हातात ठरावीक टप्प्यांचं तिकीट आहे. प्रत्येक राउटर त्यातला एक टप्पा कमी करतो. शिल्लक शून्यावर आली की राउटर त्या पॅकेटला तिथेच उतरवतो आणि पाठवणाऱ्याला चिठ्ठी लिहितो: "तुमचा प्रवासी माझ्यापाशी उतरला, तिकीट संपलं." या तिकिटाचं नाव टीटीएल. ही सोय मुळात वेगळ्याच कारणासाठी आहे. रस्त्याच्या नोंदी चुकल्या तर पॅकेट दोन राउटरांमध्ये अनंतकाळ फिरत राहील, ते होऊ नये म्हणून तिकिटाला मर्यादा असते, जास्तीत जास्त 255 टप्पे.

1980च्या दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसन यांनी, स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून, याच सोयीचा फार चतुर उपयोग केला. मुद्दाम एकाच टप्प्याचं तिकीट देऊन पॅकेट सोडायचं. पहिला राउटर ते उतरवेल आणि चिठ्ठी लिहील. त्या चिठ्ठीवर पाठवणारा म्हणून त्याचा स्वतःचा पत्ता असेल. मग दोन टप्प्यांचं तिकीट, मग तीन टप्प्यांचं. चिठ्ठ्या येत जातील तसा रस्त्याचा नकाशा तयार होईल. हेच ट्रेसराउट. प्रत्येक टप्प्यासाठी सहसा तीन पॅकेटं सोडतात, म्हणून ओळीत तीन आकडे असतात. पॅकेट सोडल्यापासून चिठ्ठी हातात पडेपर्यंत गेलेला वेळ, हजारांश सेकंदांत मोजलेला, म्हणजे तो आकडा.

आणि ठरावीक वेळ वाट पाहूनही चिठ्ठी आली नाही, तर तिथे तारका. विंडोज साधारण चार सेकंद थांबतं.

तेव्हा तारकेचा शब्दशः अर्थ एवढाच: मला चिठ्ठी मिळाली नाही. पॅकेट हरवलं असेल. पॅकेट पोहोचलं पण राउटरने चिठ्ठी लिहिली नसेल. चिठ्ठी लिहिली पण ती परत येताना हरवली असेल. या तिन्ही गोष्टींना ट्रेसराउटकडे एकच चिन्ह आहे, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

## मग पाचव्यावर संशय का घ्यायचा नाही?

कारण सहावा, सातवा आणि आठवा टप्पा बोलतोय.

आठव्या टप्प्याची चिठ्ठी आणायला जे पॅकेट गेलं, त्याच्याकडे आठ टप्प्यांचं तिकीट होतं. ते पहिल्यातून गेलं, दुसऱ्यातून गेलं, आणि पाचव्यातूनही गेलं. पाचवा राउटर पॅकेटं गिळत असता तर हे पॅकेट आठव्यापर्यंत पोहोचलंच नसतं. एकदा नव्हे, तीनदा पोहोचलं. सहाव्या-सातव्याचीही तीन-तीन पोहोचली. म्हणजे पाचव्या टप्प्यावर तीनच्या तीन तारका असताना त्या टप्प्यातून पुढे गेलेली नऊपैकी नऊ पॅकेटं सुखरूप आहेत.

नाक्यावरच्या शिपायाचं उदाहरण घ्या. तो गाड्या सरसकट पुढे सोडतोय, एकही अडवत नाही. पण त्याला कुणी "भाऊ, तुमचं नाव काय?" विचारलं तर तो उत्तर देत नाही. नाव सांगितलं नाही म्हणून नाका बंद आहे असं आपण म्हणणार नाही. गाड्या पलीकडे पोहोचतायत का, एवढंच पाहू.

म्हणून ट्रेसराउट वाचायचं ते खालून वर. आधी शेवटची ओळ पाहायची: मुक्कामाचं ठिकाण उत्तर देतंय का, तिन्ही वेळा देतंय का, किती वेळात देतंय. ती ओळ स्वच्छ असेल तर मधल्या तारकांना, त्या क्षणापुरता तरी, दोष म्हणून काही अर्थ उरत नाही.

## राउटर उत्तर देत नाही, हाच बिघाड नाही का?

हा प्रश्न मला हटकून विचारला जातो, आणि तो रास्त आहे. चिठ्ठी लिहिणं हे राउटरचं काम आहे ना? मग तो ते का करत नाही?

मोठ्या राउटरच्या आत दोन वेगळी खाती असतात, असं समजा. एक खातं पॅकेटं पुढे ढकलतं. त्यासाठी खास बनवलेल्या चिप असतात आणि त्या सेकंदाला कोट्यवधी पॅकेटं हाताळू शकतात. दुसरं खातं म्हणजे एक साधा प्रोसेसर. शेजारच्या राउटरांशी रस्त्यांची देवाणघेवाण करणं, नोंदी ठेवणं, व्यवस्थापकाच्या आज्ञा ऐकणं ही कामं त्याची. "तिकीट संपलं" ही चिठ्ठी लिहिण्याचं काम बहुतेक राउटरांत या दुसऱ्या, मर्यादित ताकदीच्या खात्याकडे जातं, आणि तिथे त्याला सगळ्यात खालचा अग्रक्रम असतो.

हा अग्रक्रम विचारपूर्वक दिलेला आहे. कुणी मुद्दाम लाखो पॅकेटं अपुऱ्या तिकिटांची पाठवली आणि राउटर इमानदारीने प्रत्येकाची चिठ्ठी लिहीत बसला, तर रस्त्यांच्या नोंदी सांभाळायला त्याला वेळच उरणार नाही आणि सगळ्यांचंच इंटरनेट कोलमडेल. म्हणून राउटर कसे वागावेत हे सांगणाऱ्या 1995 सालच्या `RFC 1812` या दस्तऐवजातही अशा चिठ्ठ्यांच्या वेगावर मर्यादा घालता यायला हवी, अशी शिफारस आहे. काही कंपन्या मर्यादा घालतात, काही चिठ्ठ्या पूर्णच बंद ठेवतात. काही ठिकाणी राउटर चिठ्ठी लिहितो, पण त्याचा स्वतःचा पत्ता खासगी वापरातला असतो आणि असा पत्ता असलेली चिठ्ठी वाटेतला एखादा नियम अडवतो. तिन्ही बाबतींत तुमच्या पडद्यावर तारकाच दिसतात, आणि तिन्ही बाबतींत तुमचा कॉल मात्र त्याच राउटरमधून विनाअडथळा जात असतो.

मर्यादा घातलेली असली की एक जास्त फसवं चित्र दिसतं: तीनपैकी एकच तारका, किंवा पुन्हा-पुन्हा मोजलं तर त्या टप्प्यावर तीस-चाळीस टक्के गळती. शंभर टक्के शांतता पाहून माणूस निदान "बंद असेल" असा विचार करतो. तीस टक्के पाहिलं की "लाइन खराब" हाच निष्कर्ष निघतो. कसोटी मात्र तीच. पुढच्या टप्प्यावर गळती शून्य असेल तर ती तीस टक्के चिठ्ठ्यांची गळती आहे, तुमच्या माहितीची नाही.

हाच नियम वेळेच्या आकड्यांनाही लागू पडतो. एखाद्या स्क्रीनशॉटमध्ये पाचव्या टप्प्यावर 180 आणि सहाव्यावर 24 असं दिसतं, आणि 180 भोवती वर्तुळ काढलेलं असतं. पण सहाव्यापर्यंत जाणारं पॅकेट पाचव्यातूनच गेलं ना? तिथे खरोखर 180 हजारांश सेकंद लागत असते तर ते सहाव्याला 24 मध्ये जाऊन परत कसं येईल? त्या 180 मध्ये बहुतेक वेळ राउटरच्या प्रोसेसरने चिठ्ठी लिहायला लावलेला आहे. खरा उशीर एकदा सुरू झाला की पुढच्या सगळ्या ओळींत राहतो, मध्येच नाहीसा होत नाही.

## पण कॉल तर अडकत होते, त्याचं काय?

इथे मला तिच्या बाजूने बोलायचं आहे. पाचवा टप्पा निर्दोष आहे हे सांगून कंपनीने तक्रार बंद केली, पण "मग दोष कुठे आहे?" हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. स्क्रीनशॉटवरून दोष सिद्ध होत नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही.

तिच्या ट्रेसराउटमध्ये पाचवी ओळ सोडली तर सात ओळी आहेत आणि प्रत्येकीत तीन पॅकेटं, म्हणजे एकूण एकवीस. ही सगळी मिळून थोड्याशा सेकंदांत पाठवलेली. तारकांसाठी वाट पाहण्यात गेलेला वेळ वेगळा. संध्याकाळभर मध्ये-मध्ये येणारा त्रास एवढ्याशा नमुन्यात सापडेल का? समजा, वाटेत कुठेतरी दर शंभर पॅकेटांमागे चार हरवतायत. चार टक्के गळतीने व्हिडिओ कॉलचा आवाज तुटायला लागतो. पण एका ओळीतली तिन्ही पॅकेटं सुखरूप येण्याची शक्यता तरीही शंभरात सुमारे 88 असते. आणि एकवीसच्या एकवीस सुखरूप येण्याची शक्यता सुमारे 42. म्हणजे लाइन खरोखर खराब असतानाही जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये सगळं स्वच्छ दिसू शकतं. प्रत्यक्षात गळती सलग झटक्यांत येते, त्यामुळे हे आकडे ढोबळ धरायचे, पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. गळती घराजवळच, अगदी पहिल्या टप्प्यावर असेल, तर ती कोणत्याही ओळीत तारका बनून उमटू शकते, कारण प्रत्येक पॅकेटला पहिल्या टप्प्यातून जावंच लागतं. सातव्या ओळीचं पॅकेट योगायोगाने घरातच हरवलं, तर तारका सातव्या ओळीत दिसेल आणि लाल वर्तुळ हजार किलोमीटर दूरच्या राउटरभोवती पडेल. ज्या ओळीत तारका, तिथेच दोष, हे समीकरण एकट्या-दुकट्या तारकेबाबत तर अजिबात धरता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे जास्त वेळ आणि जास्त वेळा मोजणं. `mtr` नावाचं साधन हेच करतं: प्रत्येक टप्प्याला दर सेकंदाला एक पॅकेट पाठवत राहतं आणि गळतीची टक्केवारी मांडतं. विंडोजवर `WinMTR` मिळतं, आणि विंडोजसोबतच येणारं `pathping` सुद्धा प्रत्येक टप्प्याला शंभर पॅकेटं पाठवतं. संध्याकाळी, कॉल अडकत असतानाच, तिच्याच घरी, तिच्याच वायफायवर मी माझ्या लॅपटॉपवरून दोनशे फेऱ्या मोजल्या. त्याला साडेतीन मिनिटंही लागली नाहीत. काही रकाने गाळून निकाल असा:

```
   Host            Loss%  Snt   Avg  Best   Wrst
1  192.168.1.1      4.0%  200  14.2   1.8  311.7
2  198.51.100.1     4.5%  200  21.0   7.9  318.2
3  198.51.100.9     4.0%  200  22.3   8.8  320.5
4  198.51.100.33    3.5%  200  24.1  10.6  309.9
5  ???            100.0%  200   0.0   0.0    0.0
6  192.0.2.17       4.5%  200  36.4  22.7  333.0
7  192.0.2.41       4.0%  200  36.9  23.1  329.4
8  203.0.113.80     4.0%  200  37.2  23.5  331.8
```

पुन्हा खालून वर वाचा. मुक्कामी चार टक्के गळती, म्हणजे त्रास खरा आहे. सातव्यावर तेवढीच, सहाव्यावर जवळपास तेवढीच, आणि वर जाता-जाता थेट पहिल्या ओळीपर्यंत तेवढीच. अर्ध्या-एक टक्क्याचा फरक म्हणजे दोनशेत एक-दोन पॅकेटं, त्याला अर्थ नाही. शेवटच्या रकान्यातही तीच गोष्ट: कधीकधी लागलेला तीनशेच्या वरचा वेळ पहिल्याच टप्प्यावर आहे आणि पुढे सगळीकडे वाहत गेला आहे. पहिला टप्पा म्हणजे तिच्याच घरातला राउटर, लॅपटॉपपासून दोन भिंतींपलीकडे.

तरी घाई नको. घरातला राउटरही चिठ्ठ्या लिहिण्यात आळस करू शकतो. पण तसं असतं तर गळती फक्त पहिल्या ओळीत दिसली असती, मुक्कामापर्यंत गेली नसती. मग दोष राउटरचा की वायफायचा? त्यासाठी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला आणि पुन्हा दोनशे फेऱ्या मोजल्या. पहिल्यापासून आठव्यापर्यंत गळती 0.0 टक्के. पाचवी ओळ मात्र पूर्वीसारखीच, शंभर टक्के. केबल लावून तिने तासभराचा कॉल केला, एकदाही आवाज तुटला नाही, आणि त्या तासभर तिचा कॉल ज्याच्यातून जात होता तो पाचवा राउटर एका शब्दानेही उत्तर देत नव्हता. संध्याकाळी शेजारीपाजारी सगळेच वायफायवर असतात आणि तिचा राउटर सगळ्यात गर्दीच्या वाहिनीवर होता. वाहिनी बदलल्यावर वायफायवरूनही कॉल सुरळीत झाले.

## तारका शेवटपर्यंत गेल्या असतील तर?

पाचव्यापासून तिसाव्यापर्यंत नुसत्या तारकाच, हे चित्र वेगळं आहे. ट्रेसराउट तीस टप्प्यांवर थांबतं, म्हणून तिसावा. प्रत्यक्षात वाट तेवढी लांब नसते. आता खालून वर वाचायला काहीच उरत नाही. पण यावरूनही "वाट तुटली" असं लगेच म्हणता येत नाही.

ट्रेसराउट कोणत्या जातीचं पॅकेट पाठवतं, यावर बरंच अवलंबून असतं. विंडोजचं `tracert` पिंगच्या जातीची पॅकेटं पाठवतं. लिनक्सचं `traceroute` सहसा यूडीपी जातीची पॅकेटं अशा दारांवर, म्हणजे पोर्टवर, पाठवतं जिथे कुणी ऐकत नसतं, 33434 पासून पुढे. बऱ्याच सर्व्हरपुढची फायरवॉल, म्हणजे आत येणाऱ्या पॅकेटांवर पहारा करणारी यंत्रणा, या दोन्ही जाती गुपचूप टाकून देते आणि वेबसाइटसाठी लागणारं 443 हे दार तेवढं उघडं ठेवते. मग ट्रेसराउटमध्ये अंधार, पण ब्राउझरमध्ये तीच वेबसाइट छान उघडते. अशा वेळी ज्या दारातून खरं काम होतं त्याच दारावर टकटक करून पाहायचं. लिनक्सवर असं:

```
sudo traceroute -T -p 443 example.com
```

विंडोजवर पॉवरशेलमध्ये असं:

```
Test-NetConnection example.com -Port 443
```

हे यशस्वी झालं तर वाट उघडी आहे, तारका कितीही असोत. हेही अयशस्वी झालं आणि तारका पाचव्यापासून सुरू होत असतील, तर मात्र खरा बिघाड असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हाही एवढंच म्हणायचं की शेवटचं उत्तर चौथ्याने दिलं. दोष चौथ्यात असेल, चौथ्या-पाचव्यामधल्या तारेत असेल, पाचव्यात असेल, किंवा शेवटच्या सर्व्हरच्याच दारात असेल. शेवटचा बोललेला टप्पा हे शोध सुरू करण्याचं ठिकाण आहे, गुन्हेगाराचं नाव नव्हे.

## गळती मध्येच सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली, तर तरी जागा पक्की झाली ना?

अर्धी. दोनशे फेऱ्यांत पहिल्या पाच टप्प्यांवर शून्य, सहाव्यावर बारा टक्के, सातव्यावर बारा, मुक्कामी बारा, असं दिसलं तर गळती खरी आहे याबद्दल मला शंका राहणार नाही. ती पाचव्या-सहाव्याच्या मध्येच आहे, हे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

कारण चिठ्ठीला परतही यायचं असतं, आणि परतीची वाट जाण्याच्या वाटेसारखी असेलच असं नाही. पाचवा आणि सहावा राउटर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर बहुतेकदा नसतेच. प्रत्येक कंपनी आपलं सामान दुसऱ्याच्या हवाली कुठे करायचं हे स्वतःच्या सोयीने ठरवते. त्यामुळे सहाव्याची चिठ्ठी कदाचित पाचव्याकडे येतच नाही, पूर्ण वेगळ्या मार्गाने तुमच्याकडे येते, आणि बारा टक्के गळती त्या परतीच्या मार्गावर असते. तो मार्ग तुमच्या ट्रेसराउटमध्ये कुठेच दिसत नाही. तुम्ही सहाव्याभोवती वर्तुळ काढता, आणि ज्या राउटरमध्ये खरा दोष आहे त्याचा पत्ता स्क्रीनशॉटमध्ये नसतोच.

हे उलगडायचा एकच रास्त मार्ग आहे: पलीकडच्या टोकाकडून तुमच्या पत्त्याकडे ट्रेसराउट चालवणं. पलीकडचा सर्व्हर तुमचाच असेल तर सोपं आहे. नसेल तर बऱ्याच नेटवर्क कंपन्या लुकिंग ग्लास नावाचं वेबपान ठेवतात. तिथून त्यांच्या राउटरवरून तुमच्या दिशेने ट्रेसराउट करता येतं. दोन्ही बाजूंचे निकाल शेजारी ठेवले की परतीचा मार्ग पहिल्यांदा डोळ्यांना दिसतो.

## वाट तरी एकच असते का?

वर मी म्हटलं की आठव्याकडे जाणारं पॅकेट पाचव्यातून गेलं. काटेकोरपणे बोलायचं तर तिथे एक "बहुधा" हवा. मोठ्या नेटवर्कमध्ये दोन ठिकाणांमध्ये बरोबरीच्या अनेक वाटा असतात, आणि राउटर पॅकेटावरचे पत्ते व दाराचा क्रमांक पाहून वेगवेगळी पॅकेटं वेगवेगळ्या वाटांवर सोडतात. एका कॉलची सगळी पॅकेटं एकाच वाटेने जावीत म्हणून ही विभागणी क्रमांकावरून होते. जुन्या पद्धतीचं यूडीपी ट्रेसराउट नेमका हाच क्रमांक प्रत्येक पॅकेटागणिक बदलतं. त्यामुळे एकाच ओळीत दोन-तीन पत्ते दिसतात, किंवा पाचवी ओळ एका वाटेची आणि सहावी दुसऱ्याच वाटेची असते. पडद्यावर सरळ दिसणारा रस्ता मग प्रत्यक्षात कुठे अस्तित्वातच नसतो. हा घोळ टाळण्यासाठी 2006 मध्ये पॅरिस ट्रेसराउट नावाची सुधारित पद्धत मांडली गेली. तिच्यात हे क्रमांक मुद्दाम स्थिर ठेवतात, म्हणजे सगळी पॅकेटं एकाच वाटेने जातात.

यातून एक खरी अडचण निघते. चार वाटांपैकी एकच खराब असेल, तर तुमची मोजणी चांगल्या वाटेने जाऊन सगळं ठीक दाखवेल आणि तुमचा कॉल मात्र खराब वाटेवर अडकलेला असेल. अशा वेळी 443 दारावरची मोजणी आपल्या बाजूच्या दाराचा क्रमांक बदलून चार-पाच वेळा केली, आणि काही वेळा गळती दिसली, काही वेळा अजिबात नाही, तर या कारणावर संशय घ्यायला जागा आहे.

## स्क्रीनशॉट पाठवायचाच नाही का?

जरूर पाठवायचा, पण त्याच्याकडून झेपेल तेवढंच काम घ्यायचं. त्यावरून कळतं की पॅकेटं कोणत्या दिशेने गेली, कुठे एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेली, आणि त्या घटकेला मुक्काम गाठला की नाही. इंटरनेटचा वेग त्यातून कळत नाही. ही पॅकेटं सहसा शंभर बाइटपेक्षाही लहान असतात आणि व्हिडिओची त्याच्या दहापट मोठी. लहान गाडी गेली म्हणून ट्रक जाईलच असं नाही, आणि रस्त्यावरून तासाला किती ट्रक जातात हे तर एका गाडीवरून मुळीच सांगता येत नाही.

मधल्या तारकांभोवती वर्तुळ काढून पाठवलेल्या तक्रारीचं नुकसान तक्रार करणाऱ्यालाच होतं, हे मी पलीकडच्या खुर्चीत बसून पाहिलं आहे. तिथला इंजिनिअर ते वर्तुळ पाहतो, हा टप्पा मुळात उत्तरं देतच नाही हे त्याला माहीत असतं, आणि खरा त्रास न तपासताच तक्रार निकाली निघते. त्याऐवजी आधी केबल लावून मोजा, म्हणजे घरातलं वायफाय वादातून बाहेर जाईल. त्रास होत असताना निदान दोनशे फेऱ्या आणि त्रास नसताना दोनशे फेऱ्या, दोन्हींची तारीख-वेळ लिहून, चित्राऐवजी मजकूर म्हणून पाठवा, म्हणजे समोरच्याला पत्ते टाइप करत बसावे लागणार नाहीत. तुमचा सार्वजनिक पत्ता कळवा, कारण उलट्या दिशेने ट्रेसराउट करायला त्यांना तोच लागतो. आणि पहिलं वाक्य मुक्कामाबद्दल लिहा: "203.0.113.80 पर्यंत रात्री आठ ते नऊ बारा टक्के गळती, सकाळी शून्य. गळती सहाव्या टप्प्यापासून पुढे सलग दिसते, पाचवा टप्पा दोन्ही वेळा उत्तर देत नाही." यातला शेवटचा तुकडा मुद्दाम लिहायचा. तो वाचून समोरच्याला कळतं की पाचव्याच्या तारका तुम्ही पाहिल्या आहेत आणि तुमची तक्रार त्यांच्याबद्दल नाही.